पाऊस पडला की सोलर बंद: छतावरच्या गळतीचा माग

जूनमधला पहिला मोठा पाऊस रात्रभर पडतो. सकाळी ऊन येतं, पॅनेल धुऊन लख्ख झालेली असतात आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टरवर लाल दिवा दिसतो. पडद्यावर Isolation Fault, PV Isolation Low किंवा तसंच काहीतरी लिहिलेलं असतं. वीज तयार होत नसते. घरमालक विक्रेत्याला फोन करतो, तो म्हणतो दुपारी माणूस पाठवतो. माणूस येईपर्यंत अकरा वाजलेले असतात, छत वाळलेलं असतं आणि इन्व्हर्टर आपोआप सुरू झालेला असतो. माणूस कनेक्शन हलवून बघतो, ‘पावसात होतं असं’ म्हणतो आणि निघून जातो. पुढचा पाऊस आला की पुन्हा तेच.

पावसात असं होत नसतं, निदान होऊ नये. हा इशारा येतो तेव्हा छतावर कुठेतरी विजेची वाट अर्थिंगपर्यंत पोचलेली असते. ऊन पडलं की ती वाट वाळते, पण जिथून ती सुरू झाली तो चिरा, ती सैल जोडणी किंवा तो उंदराने कुरतडलेला तुकडा तसाच राहतो. तो शोधता येतो आणि त्यासाठी सगळी पॅनेल उतरवावी लागत नाहीत. छत ओलं असताना साध्या मल्टिमीटरने घेतलेली तीन मापं बहुतेक वेळा दोषाची जागा दाखवून देतात.

इन्व्हर्टर नेमकं काय तपासतो

घरगुती छतावरची पॅनेल एकामागे एक माळेसारखी जोडलेली असतात. या माळेला स्ट्रिंग म्हणतात. तिची एक तार प्लस, दुसरी मायनस. या दोन्ही तारांचा अर्थिंगशी काहीही संबंध नसावा अशी रचना असते. पॅनेलची ॲल्युमिनियमची चौकट आणि खालचं लोखंडी स्ट्रक्चर मात्र अर्थिंगला जोडलेलं असतं. म्हणजे वीज वाहणारी तार आणि जमिनीशी जोडलेला धातू यांच्यामध्ये फक्त इन्सुलेशन असतं: तारेचं वेष्टण, कनेक्टरचं प्लास्टिक, पॅनेलची काच आणि पाठीमागचा पांढरा पडदा.

आजचे बहुतेक घरगुती इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात. ते सुरू झाले की छतावरच्या तारा महावितरणच्या लाइनशी थेट जोडल्या जातात. अशा वेळी वरची तार कुठे चौकटीला टेकत असेल, तर त्या वाटेने जमिनीत प्रवाह वाहू लागेल. म्हणून इन्व्हर्टर रोज सकाळी लाइनला जोडून घेण्याआधी प्लस आणि मायनस या दोन्ही तारांचा अर्थिंगशी असलेला रोध मोजतो. रोध पुरेसा असेल तरच तो पुढे जातो.

पुरेसा म्हणजे किती? आंतरराष्ट्रीय मानकातला हिशेब सोपा आहे. पॅनेलचं कमाल व्होल्टेज आणि हा रोध यातून होणारी गळती ३० मिलिअँपिअरच्या वर जाता कामा नये. घरातली आरसीसीबी साधारण याच आकड्यावर पडते, माणसाच्या जिवाच्या दृष्टीने तोच आकडा इथेही धरला आहे. ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरसाठी ही मर्यादा २० किलोओहम येते, १००० व्होल्टसाठी सुमारे ३३ किलोओहम. बरेच उत्पादक यापेक्षा बरीच वरची मर्यादा ठेवतात, म्हणजे इशारा लवकर मिळतो.

आता ‘पावसात होतंच’ या म्हणण्याकडे वळू. ओलं झालं की चांगल्या पॅनेलचाही रोध कमी होतो, हे खरं आहे. पण किती कमी होऊ द्यायचा, याचं मानक आहे. पॅनेल पाण्यात भिजवून चाचणी घेतात तेव्हा रोध आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार किमान ४० मेगाओहम-चौरस मीटर भरावा लागतो. घरावर साडेपाचशे वॅटच्या आसपासची आठ पॅनेल असतील, तर त्यांचं क्षेत्रफळ साधारण २१ चौरस मीटर होतं. म्हणजे आठही पॅनेल चिंब भिजली आणि सगळी जेमतेम पास होणारी असली, तरी एकूण रोध दोन मेगाओहमच्या जवळ राहायला हवा. इन्व्हर्टर अडतो तो किलोओहमच्या पातळीवर. या दोन आकड्यांत पन्नास-शंभर पटींचं अंतर आहे. पाऊस एकटा हे अंतर कापू शकत नाही. त्याला कुठेतरी उघडी पडलेली तार लागते.

आधी जिवाचं बघा

इशारा आलेला असताना इन्व्हर्टर बंद असतो, पण छत बंद नसतं. ऊन आहे तोवर पॅनेल व्होल्टेज देतच राहतात. स्ट्रिंगचं एक टोक आधीच चौकटीशी जोडलं गेलेलं असताना कुणी दुसरीकडची उघडी तार धरली, तर स्ट्रिंगचं बरंचसं व्होल्टेज त्याच्या अंगातून जाऊ शकतं. म्हणून घरातल्यांनी ओल्या छतावर जाऊन पॅनेलला, स्ट्रक्चरला किंवा लोंबत्या तारांना हात लावू नये. पुढे सांगितलेली मोजणी डीसी विजेचं काम जाणणाऱ्या, योग्य हातमोजे आणि योग्य दर्जाचं मीटर असलेल्या तंत्रज्ञानेच करायची आहे. घरमालकाला ती माहीत असावी ती यासाठी, की समोरचा माणूस शोध घेतोय की अंदाज बांधतोय हे त्याला कळावं.

आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. एका जागी गळती असेल तर विजेला परतीची वाट नसते, त्यामुळे फारसं काही जळत नाही. पण दुसऱ्या जागीही गळती झाली, की त्या दोन जागांमधली पॅनेल चौकटीतून स्वतःच वर्तुळ पूर्ण करतात. इन्व्हर्टर बंद केला, डीसी स्विच पाडला, तरी हे वर्तुळ छतावर चालूच राहतं. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड इथे २००९ साली एका मोठ्या दुकानाच्या छतावर सौर यंत्रणेला आग लागली, ती अशाच दुहेरी दोषामुळे. पहिला दोष तिथल्या संरक्षण व्यवस्थेच्या लक्षातच आला नव्हता. पहिल्या इशाऱ्याला गंभीरपणे घ्यायचं ते यासाठी.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी एसी बाजूचा एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मग इन्व्हर्टरच्या सूचनेत दिलेली मिनिटं थांबायचं. त्यानंतर डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने प्रत्येक तारेतला प्रवाह शून्य आहे ना, ते बघायचं. शून्य असेल तरच कनेक्टर उघडायचा. प्रवाह वाहत असताना एमसीफोर कनेक्टर ओढला तर त्यात ठिणगीची ज्योत पेटते आणि डीसीची ज्योत सहजी विझत नाही.

तीन मापं

आता मूळ युक्ती. स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून पूर्ण सुटी केली, की तंत्रज्ञ मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घेतो: प्लस ते मायनस, प्लस ते अर्थिंग, मायनस ते अर्थिंग.

इन्सुलेशन ठीक असेल तर पहिलं माप पूर्ण व्होल्टेज दाखवतं आणि उरलेली दोन हळूहळू शून्याकडे घसरतात, कारण अर्थिंगशी संबंधच नसतो. गळती असेल तर ती दोन्ही मापं एका आकड्यावर स्थिर राहतात आणि त्यांची बेरीज पूर्ण व्होल्टेजइतकी येते. स्ट्रिंगमधलं व्होल्टेज जिन्याच्या पायऱ्यांसारखं वाढत जातं, प्रत्येक पॅनेल म्हणजे एक पायरी. गळती ज्या पायरीवर असते तीच अर्थिंगच्या पातळीला येते. मग त्या पायरीपासून वर किती आणि खाली किती, एवढंच मीटर सांगतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. कोल्हापूरसारख्या भरपूर पावसाच्या गावात एका घराच्या स्लॅबवर ५४० वॅटची आठ पॅनेल आहेत. वरच्या रांगेत पाच, खालच्या रांगेत तीन. प्लस टोक वरच्या रांगेत आहे, मायनस टोक खालच्या. पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टर अडतो. त्याच्या ॲपमध्ये रोधाचा आकडा दिसतो: सातच्या सुमारास ३८ किलोओहम, मग हळूहळू वाढत दुपारपर्यंत हजाराच्या पुढे. तंत्रज्ञ यावेळी सकाळी लवकर येतो, छत ओलं असताना. ढगाळ उजेडातही मापं व्यवस्थित मिळतात:

प्लस ते मायनस ३८४ व्होल्ट.
प्लस ते अर्थिंग २४० व्होल्ट.
मायनस ते अर्थिंग १४४ व्होल्ट.

३८४ भागिले ८, म्हणजे प्रत्येक पॅनेलचे ४८ व्होल्ट. २४० आणि १४४ ची बेरीज बरोबर ३८४, म्हणजे गळती एकाच जागी असण्याची शक्यता दाट. आता १४४ भागिले ४८ म्हणजे ३. मायनसकडून तीन पॅनेल मोजली की दोषाची जागा आली: तिसरं पॅनेल संपून चौथं सुरू होतं ती जोडणी. या छतावर नेमकी तिथे खालची रांग संपते आणि वरची सुरू होते. दोन रांगांना जोडणारी लांब तार तिथेच आहे.

तंत्रज्ञ आठ पॅनेलखाली वाकून शोधत बसत नाही, थेट त्या तारेपाशी जातो. तार बांधलेला प्लास्टिकचा टाय उन्हाने कडक होऊन तुटलेला आहे. तार खाली लोंबून स्ट्रक्चरच्या जस्ताच्या पट्टीच्या कापलेल्या कडेवर टेकली आहे. वाऱ्याने हलून हलून त्या कडेने काळं वेष्टण चिरलं आहे. चीर बोटाच्या नखाएवढीही नाही, पण तिच्या तोंडाशी तांब्याचा हिरवट गंज आणि पट्टीवर पांढरी बुरशीसारखी पावडर दिसते. कोरड्या दिवशी तांबं आणि पट्टी यांच्यामध्ये हवेची बारीक फट असते, इन्व्हर्टर खूश. पाण्याची एक पातळ पापुद्री ती फट भरून काढते आणि रोध किलोओहमवर येतो. प्रत्येक पावसाळ्यात डीसी वीज त्या ओलीतून तांबं खात जाते, म्हणून असा दोष वर्षागणिक वाढतच जातो.

आकडा टोकाला आला तर

सगळीकडे दोष इतका छान मधोमध सापडत नाही. मायनस ते अर्थिंग जवळजवळ शून्य आणि प्लस ते अर्थिंग पूर्ण व्होल्टेज आलं, तर दोष पॅनेलमध्ये असण्यापेक्षा मायनसच्या खाली उतरणाऱ्या मुख्य तारेत असण्याची शक्यता जास्त. उलट आलं तर प्लसच्या तारेत. अशा वेळी छतावर न शोधता पाइप आणि पेटी बघावी.

पाइपमध्ये पाणी साचणं हे फार नेहमीचं कारण आहे. छतावरून खाली येणाऱ्या पीव्हीसी पाइपचं तोंड वर उघडं असतं, पाऊस आत उतरतो आणि पाइप शेवटी डीसीडीबीत, म्हणजे भिंतीवरच्या डीसी पेटीत, उघडतो. पेटीच्या पारदर्शक झाकणाआड पाण्याचे थेंब, वाफ किंवा तळाशी गंजाची रेघ दिसली तर कारण जवळपास सापडलं. तार पेटीत खालून घ्यावी, पेटीआधी तिला खाली झुकता वळसा द्यावा म्हणजे पाणी तिथेच टपकतं, आणि प्रत्येक तारेला तिच्या जाडीची ग्लँड असावी. बऱ्याच घरांत दोन तारा एकाच ग्लँडमधून कोंबलेल्या असतात. तिथून पाणीही येतं आणि मुंग्याही.

याच पेटीत एसपीडी असतात, विजा कडाडतात तेव्हा जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारे. एखादा एसपीडी जुना होऊन कायमचा गळू लागला, तरी इन्व्हर्टरला तो इन्सुलेशनचा दोषच वाटतो. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला असेल तर तो संपला आहे. पण हिरवा असला तरी खात्रीसाठी तो काढून एकदा मोजावं.

आणि छताच्या बाजूला आकडा एखाद्या पॅनेलच्या मधोमध आला, म्हणजे भागाकार पूर्ण अंकात न येता साडेतीन वगैरे आला, तर ते पॅनेलच तपासावं. काचेला तडा गेला आहे का, पाठीमागचा पडदा फाटला आहे का, जंक्शन बॉक्सचं झाकण सैल आहे का. माकडं आणि क्रिकेटचा चेंडू काचेचे जुने शत्रू, तर पॅनेलच्या सावलीत घर करणारे उंदीर आणि खारी तारांचे.

ही पद्धत कुठे फसते

दोन जागी गळती असेल तर मीटर मधलीच जागा दाखवतो. दुसऱ्या आणि सहाव्या पॅनेलपाशी सारखीच गळती असेल, तर आकडा चौथ्याकडे बोट दाखवेल आणि तिथे सगळं ठणठणीत असेल. दाखवलेल्या जागी काही सापडलं नाही, तर स्ट्रिंग मध्ये तोडून दोन भाग वेगळे मोजावेत. प्रवाह शून्य असल्याची खात्री करून मधला कनेक्टर उघडायचा, चार-चार पॅनेलचे दोन गट तपासायचे. दोषी गट पुन्हा अर्धा करायचा. आठ पॅनेलच्या स्ट्रिंगमध्ये अशा तीन पायऱ्यांत एकेक पॅनेलपर्यंत पोचता येतं. छतावर एकापेक्षा जास्त स्ट्रिंग असतील तर हे सगळं प्रत्येक स्ट्रिंग वेगळी काढूनच करायचं, नाहीतर एकीचा दोष दुसरीच्या मापात मिसळतो.

मेगर हे नेहमीचं साधन इथे जपून वापरावं लागतं. तो स्वतःचं मोठं व्होल्टेज सोडून रोध मोजतो. १२० ते ५०० व्होल्टच्या स्ट्रिंगसाठी मानकात ५०० व्होल्टची चाचणी आणि किमान एक मेगाओहम रोध सांगितला आहे. पण इन्व्हर्टर जोडलेला असताना मेगर लावला तर इन्व्हर्टरचं सर्किट जाऊ शकतं. एसपीडी जोडलेला राहिला तर तोच प्रवाह वाहू देतो आणि माप खोटं येतं. दोन्ही सुटे करूनच मेगर लावावा, आणि शक्यतो सौर स्ट्रिंगसाठी बनवलेला, कारण दिवसा पॅनेलचं स्वतःचं व्होल्टेज साध्या मेगरच्या मापात मिसळतं.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा वेळेची. छत वाळल्यावर ही तिन्ही मापं काहीच सांगत नाहीत. तंत्रज्ञ कोरड्या दिवशीच येणार असेल, तर बागेच्या स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने ओल परत तयार करता येते. स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सुटी ठेवून, सकाळी पॅनेल थंड असताना, आधी सगळ्यात खालचा भाग भिजवायचा, बाजूला व्हायचं, काही मिनिटांनी मोजायचं, मग एकेक भाग वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि नेमकी जागा हरवते.

दुरुस्ती आणि पळवाटा

आपल्या उदाहरणातल्या तारेवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. उन्हात तिचा चिकटा सुटतो आणि पुढच्या जूनला पाणी टेपच्या आतच साचून राहतं. खरी दुरुस्ती म्हणजे दोन रांगांमधली ती पूर्ण तार नव्या सोलर केबलने बदलणं. दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे जोडीचे कनेक्टर, ठरलेल्या क्रिम्पिंग हत्याराने दाबलेले. दिसायला सारखे पण वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, नीट घट्ट होत नाहीत, आणि पाणी तिथूनच शिरतं. तार स्ट्रक्चरला स्टीलच्या क्लिपने बांधावी, कापलेली कड घासून तिच्यावर रबर बसवावं, आणि एकही कनेक्टर स्लॅबवर पाण्यात पडलेला राहू नये.

दोन पळवाटांना घरमालकाने ठाम नकार द्यावा. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये रोधाची मर्यादा खाली आणणं ही पहिली. अर्थिंगची तार काढून ठेवणं ही दुसरी, आणि ती जास्त धोक्याची, कारण मग दोष पोचलेली चौकट हात लावणाऱ्यासाठी जिवंत तार बनते. दोन्हींमुळे लाल दिवा जाईल, गळती जाणार नाही.

घरमालकाने स्वतः करायचं काम छोटं पण मोलाचं आहे. इशारा आला की वेळ, पाऊस कधी थांबला आणि ॲपमधला रोधाचा आकडा यांचा स्क्रीनशॉट घ्यावा. इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा रीसेट करू नये. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत बसवलेल्या यंत्रणेची पाच वर्षं देखभाल विक्रेत्याने करायची असते, तेव्हा तक्रार लेखी नोंदवून ‘सकाळी छत ओलं असताना या’ असं स्पष्ट सांगावं. आणि तंत्रज्ञ आला की प्लस ते अर्थिंग आणि मायनस ते अर्थिंग किती आलं, हे विचारून लिहून घ्यावं. ते आकडे न घेता कुणी कनेक्टर बदलू लागला, तर तो अंदाजावर चालला आहे.

दुरुस्तीनंतरची परीक्षाही ओल्यातच व्हायची. त्या आठ पॅनेलवर नवी तार टाकून फवारा मारल्यावर मेगरने २२ मेगाओहम दाखवले, सकाळच्या ३८ किलोओहमच्या जागी. हा आकडा तारखेसह इन्व्हर्टरशेजारी लिहून ठेवावा. पुढच्या पावसाळ्याआधी तसंच भिजवून पुन्हा मोजावं. तो वीसच्या आसपास राहिला तर ठीक, पाचवर आला तर लाल दिव्याची वाट न बघता तेव्हाच माग काढायला सुरुवात करावी.